घटक ५ : धोरणविषयक निबंधातील मिथ्या द्विधा आणि वगळलेल्या तिसऱ्या पर्यायाचा शोध

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला,
१. मिथ्या द्विधा या तर्कदोषाची रचना सांगता येईल.
२. निबंधाच्या भाषेतून हा दोष कसा ओळखावा, हे स्पष्ट करता येईल.
३. लेखकाने वगळलेला तिसरा पर्याय शोधता येईल आणि तो खरोखर पर्याय आहे का, हे तपासता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण वैचारिक निबंधातील युक्तिवादाची मांडणी पाहिली. विधान, आधार आणि निष्कर्ष यांचा संबंध तेथे आपण तपासला. या घटकात एकाच तर्कदोषाचा विचार करावयाचा आहे. धोरणविषयक निबंधात लेखक वाचकापुढे पुष्कळदा दोनच मार्ग ठेवतो, त्यांपैकी एक त्याज्य ठरवतो आणि उरलेला मार्ग अपरिहार्य म्हणून स्वीकारावयास लावतो. प्रत्यक्षात आणखी मार्ग उपलब्ध असतील, तर या मांडणीला ‘मिथ्या द्विधा’ असे म्हणतात.

या दोषाच्या अभ्यासासाठी आपण एक ऐतिहासिक लेख घेणार आहोत. थॉमस बॅबिंग्टन मेकॉले यांनी २ फेब्रुवारी १८३५ रोजी कलकत्त्यात लिहिलेले शिक्षणविषयक टिपण हा तो लेख होय. मेकॉले यांच्या भाषेतील तुच्छतेविषयी मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. आपला प्रश्न वेगळा आहे. ती तुच्छता बाजूला ठेवली, तरी त्या टिपणातील युक्तिवाद टिकतो का, हे आपल्याला पाहावयाचे आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ दोषाची रचना

पुढील युक्तिवाद पाहा.

अ किंवा ब यांपैकी एक खरे आहे.
अ खरे नाही.
म्हणून ब खरे आहे.

या युक्तिवादाचा आकार निर्दोष आहे. पहिली दोन विधाने खरी असतील, तर निष्कर्ष खरा असलाच पाहिजे. म्हणूनच मिथ्या द्विधा सहजासहजी लक्षात येत नाही. वाचक दुसऱ्या विधानावर वाद घालतो, अ खरोखर त्याज्य आहे का याची चर्चा करतो आणि पहिले विधान तसेच मान्य करून बसतो. दोष असतो तो त्या पहिल्या विधानात.

येथे दोन प्रकारच्या जोड्यांतील भेद समजून घेणे आवश्यक आहे. ‘शाळेत इंग्रजी शिकवावे’ आणि ‘शाळेत इंग्रजी शिकवू नये’ ही विधाने परस्परांची व्याघाती आहेत. त्यांपैकी एक खरे असणारच; मधली जागा शिल्लक राहत नाही. मात्र ‘सर्व शिक्षण इंग्रजीत द्यावे’ आणि ‘सर्व शिक्षण संस्कृतात द्यावे’ ही विधाने केवळ विरोधी आहेत. ती दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, पण दोन्ही एकाच वेळी खोटी असू शकतात. मिथ्या द्विधेत लेखक विरोधी विधानांची जोडी व्याघाती असल्यासारखी वापरतो. कोणत्याही निबंधात दोन पर्याय दिसले, की प्रथम हा प्रश्न विचारावा : हे दोन्ही पर्याय एकाच वेळी नाकारता येतील का? उत्तर ‘होय’ असेल, तर तिसऱ्या पर्यायाला जागा आहे.

५.२.२ भाषेतील खुणा

मराठीत या दोषाच्या काही खुणा व्याकरणातच सापडतात. ‘चहा किंवा कॉफी घेणार का?’ या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नको’ असे उत्तर देता येते. ‘सरबत चालेल’ असेही म्हणता येते. ‘चहा घेणार की कॉफी?’ या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर बसत नाही. प्रश्नार्थक वाक्यातील ‘की’ दोन पर्यायांपैकी एकाची निवड गृहीत धरतो. उत्तर देणाऱ्याला तिसरे काही सुचवायचे असेल, तर त्याला आधी प्रश्नच मोडावा लागतो. ‘मराठी माध्यम की इंग्रजी माध्यम?’ असे शीर्षक असलेला निबंध पहिल्या वाक्यापूर्वीच अर्धा युक्तिवाद करून मोकळा झालेला असतो.

दुसरी खूण म्हणजे ‘च’ हे अव्यय, आणि त्याच्या जोडीला ‘केवळ’, ‘एकमेव’, ‘अन्यथा’, ‘एक तर... नाही तर’ हे शब्दप्रयोग. असे शब्द आले म्हणजे दोष आहेच, असे नव्हे. येथे थांबून तपासावे, एवढेच ते सुचवतात.

तिसरी खूण अधिक सूक्ष्म आहे. लेखकाला तिसरा पर्याय पुष्कळदा ठाऊक असतो. तो त्याचा उल्लेखही करतो, पण एखाद्याच वाक्यात, आणि ‘याविषयी कोणाचेच दुमत नाही’, ‘हे सर्वमान्य आहे’ अशा शब्दांत तो बाजूला सारतो. ज्या निबंधात इतर मुद्द्यांसाठी पानेच्या पाने खर्ची पडली आहेत, तेथे एखादा पर्याय पुराव्याविना एका वाक्यात निकालात निघत असेल, तर वाचकाने ते वाक्य अधोरेखित करावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न १
पुढील जोड्या व्याघाती आहेत की केवळ विरोधी, ते सांगा.
अ) ‘धरण बांधावे’ / ‘धरण बांधू नये’
आ) ‘पाणी उसाला द्यावे’ / ‘पाणी कारखान्यांना द्यावे’

५.२.३ मेकॉले यांचे टिपण : पार्श्वभूमी

ब्रिटिश संसदेने १८१३ साली ईस्ट इंडिया कंपनीची सनद नवी करताना भारतातील शिक्षणासाठी दरवर्षी किमान एक लाख रुपये राखून ठेवण्याची तरतूद केली. त्या तरतुदीत साहित्याचे पुनरुज्जीवन, भारतीय विद्वानांना उत्तेजन आणि शास्त्रीय ज्ञानाचा प्रसार असे उद्देश एकत्र नोंदवलेले होते. बंगालमध्ये १८२३ साली या निधीच्या विनियोगासाठी लोकशिक्षण समिती स्थापन झाली. पुढे या समितीत दोन तट पडले. एच. टी. प्रिन्सेप यांच्यासारखे सदस्य संस्कृत व अरबी विद्यालये, त्यांतील विद्यार्थ्यांची विद्यावेतने आणि ग्रंथमुद्रण चालू ठेवावे, या मताचे होते. दुसऱ्या तटाला निधी इंग्रजी शिक्षणाकडे वळवावयाचा होता. मेकॉले त्या वेळी गव्हर्नर जनरलच्या मंडळाचे विधी सदस्य आणि या समितीचे अध्यक्ष होते.

टिपणातील युक्तिवादाचा क्रम असा आहे. प्रथम मेकॉले सांगतात, की या भागातील लोकांच्या बोलभाषांत साहित्यिक वा शास्त्रीय ज्ञान नाही आणि त्या इतक्या अविकसित आहेत, की त्यांत मोलाच्या ग्रंथाचे भाषांतर करणेही सोपे नाही. याविषयी सर्व पक्षांचे एकमत दिसते. त्यानंतर ते विचारतात, की मग ती भाषा कोणती असावी? समितीतील निम्मे सदस्य इंग्रजी म्हणतात, निम्मे संस्कृत व अरबी म्हणतात. म्हणून या भाषांपैकी कोणती शिकण्याच्या अधिक योग्यतेची, एवढाच प्रश्न उरतो. पुढील बहुतेक मजकूर हे दाखवण्यासाठी आहे, की संस्कृत-अरबी शिक्षणावरील खर्च वाया जात आहे : मुद्रित ग्रंथ विकले जात नाहीत, आणि संस्कृत विद्यालयाचे माजी विद्यार्थी उपजीविकेसाठी सरकारकडे अर्ज करीत आहेत.

हे पुरावे बिनमोलाचे नाहीत. एका बाजूच्या योजनेतील उणिवा ते दाखवतात. पण संस्कृत-अरबी योजना फसली, एवढ्यावरून इंग्रजी योजना योग्य ठरण्यासाठी तिसरी योजना अस्तित्वात नसावी लागते. ती नाही, हे ठरवणारे वाक्य सुरुवातीलाच आलेले आहे, आणि त्याच्या पाठीशी एकही पुरावा दिलेला नाही. मागील उपघटकातील तिसरी खूण येथे जशीच्या तशी सापडते.

दुसरी एक गोष्ट नोंदवावी. समितीत दोन तट होते, हे खरे. पण एखाद्या समितीत दोन मते असणे आणि एखाद्या प्रश्नाला दोन उत्तरे असणे या निरनिराळ्या गोष्टी आहेत. वाद घालणारे पक्ष किती आहेत यावरून पर्यायांची संख्या ठरत नाही.

५.२.४ तिसरा पर्याय शोधण्याची रीत

लेखकाचा प्रत्येक पर्याय म्हणजे पुष्कळदा अनेक निर्णयांचे गाठोडे असते. ते गाठोडे सोडले, की वगळलेले पर्याय आपोआप दिसू लागतात. मेकॉले यांच्या ‘इंग्रजी की संस्कृत-अरबी’ या प्रश्नात निदान तीन स्वतंत्र प्रश्न बांधलेले आहेत.

पहिला प्रश्न : काय शिकवावयाचे आणि कोणत्या भाषेतून? मेकॉले यांच्या मांडणीत नवे शास्त्र म्हणजे इंग्रजी आणि जुने शास्त्र म्हणजे संस्कृत-अरबी, अशी सांगड आहे. ही सांगड आवश्यक नाही. भोपाळ संस्थानातील ब्रिटिश प्रतिनिधी लॅन्सलॉट विल्किन्सन हे सिहोर येथील पाठशाळेत याच काळात वेगळा प्रयोग करीत होते. संस्कृतातील सिद्धान्तग्रंथांत पृथ्वी गोल मानलेली आहे. त्या ग्रंथांपासून सुरुवात करून विद्यार्थ्यांना कोपर्निकसच्या खगोलशास्त्रापर्यंत न्यावे, अशी त्यांची रीत होती. तिची माहिती त्यांनी १८३४ साली प्रसिद्ध केली. त्यांच्या वर्तुळातील सुबाजी बापू यांनी १८३६ मध्ये याच विषयावर ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध केला. आशय नवा आणि भाषा देशी, हा पर्याय अशा रीतीने कोणीतरी प्रत्यक्ष अमलात आणत होते.

दुसरा प्रश्न : इंग्रजी विषय म्हणून शिकवावयाची की माध्यम म्हणून? एखादी भाषा शिकणे आणि त्या भाषेतून सर्व काही शिकणे यांत मोठा फरक आहे. आजच्या वादातही याच ठिकाणी गल्लत होते. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय शिकवला जातो, तर सेमी-इंग्रजी वर्गांत गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि उरलेले विषय मराठीतून शिकवले जातात. या व्यवस्था चांगल्या आहेत की नाहीत, हा वेगळा प्रश्न. पण ‘मराठी की इंग्रजी’ या प्रश्नाच्या चौकटीत त्या दिसतच नाहीत.

तिसरा प्रश्न : कोणासाठी आणि कोणत्या टप्प्यावर? गावातील मुलाचे अक्षरओळखीचे शिक्षण आणि कलकत्त्यातील तरुणाचे उच्च शिक्षण यांसाठी एकच भाषा ठरवण्याचे कारण नाही. बंगालमध्ये गावोगावी पाठशाळा होत्या. मेकॉले यांच्या चौकटीत त्यांना स्थान मिळाले नाही, कारण वाद चालला होता तो उच्च शिक्षणाच्या संस्थांविषयी.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न २
समितीत दोन तट असल्याने दोनच पर्याय होते, या अनुमानातील चूक एका वाक्यात सांगा.

५.२.५ सापडलेल्या पर्यायाची तपासणी

केवळ कल्पनेत शक्य असलेला पर्याय दाखवून लेखकाला खोडता येत नाही. सापडलेल्या पर्यायाला तीन कसोट्या लावाव्यात.

पहिली कसोटी उपलब्धतेची. तो पर्याय त्या काळी, त्या लेखकाला ठाऊक होण्याजोगा होता का? मेकॉले ‘या भागातील’ भाषांविषयी बोलतात, म्हणून प्रथम बंगालचाच पुरावा पाहिला पाहिजे. कलकत्त्यात १८१७ सालीच शालेय पुस्तके तयार करणारी ‘कलकत्ता स्कूल बुक सोसायटी’ स्थापन झाली होती आणि ती बंगालीतही पाठ्यपुस्तके छापत होती. सेरामपूरहून १८१८ मध्ये ‘दिग्दर्शन’ हे बंगाली मासिक निघाले होते. मुंबई इलाख्यात तर एका संस्थेने हे काम धोरण म्हणूनच हाती घेतले होते. १८२२ साली स्थापन झालेल्या आणि पुढे ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने शास्त्र्यांच्या साहाय्याने मराठी शालेय पुस्तके सिद्ध केली. कॅप्टन जॉर्ज जर्विस यांनी गणिताचे ग्रंथ मराठीत आणले. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकर यांच्या संपादकत्वाखाली ‘दर्पण’ सुरू झाले. त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जात असे. दोन भाषांपैकी एकीचा त्याग करावाच लागतो, या कल्पनेला ते पानच उत्तर होते. हे सर्व १८३५ पूर्वीचे आहे. सुबाजी बापूंचा ग्रंथ मात्र नंतरचा असल्याने, मेकॉले यांनी तो लक्षात घेतला नाही असे म्हणता येणार नाही. पुरावा वापरताना वर्ष पाहण्याची ही दक्षता आवश्यक आहे.

दुसरी कसोटी उद्देशाची. लेखकाने सांगितलेला उद्देश तो पर्याय साधतो का? नव्या ज्ञानाचा लोकांत प्रसार हा उद्देश असेल, तर लोकभाषेतील पुस्तके तो साधतात. नेपाळमधील ब्रिटिश रेसिडेंट ब्रायन हॉजसन यांनी त्याच वर्षी पत्रे लिहून दोन्ही तटांविरुद्ध लोकभाषांचा पक्ष मांडला. इंग्रजी व संस्कृत या दोन्ही भाषा सामान्य माणसाला परक्याच आहेत, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. दोन पर्यायांत वरवर दिसणारे वैर बाजूला केले, की त्यांचे साम्य दिसते आणि ते साम्य ज्यात नाही तोच तिसरा पर्याय असतो, हे या उदाहरणावरून ध्यानात घ्यावे.

तिसरी कसोटी साधनांची. पैसा, माणसे आणि वेळ यांच्या मर्यादेत तो पर्याय बसतो का? येथे मेकॉले यांच्या बाजूने बोलावे लागते. लोकभाषांत उच्च शिक्षणाची पुस्तके १८३५ मध्ये थोडी होती. ती लिहून घेण्यास वर्षे लागली असती. मेकॉले यांना त्याची जाणीव होती. टिपणाच्या अखेरीस ते म्हणतात, की इंग्रजी शिकलेला एक वर्ग तयार करावा आणि लोकभाषांना शास्त्रीय संज्ञांनी समृद्ध करण्याचे काम त्या वर्गावर सोपवावे. म्हणजे तिसरा पर्याय त्यांनी कायमचा नाकारला नाही, पुढे ढकलला. परंतु ‘आता अपुरा आहे’ आणि ‘अस्तित्वातच नाही’ ही विधाने समान नाहीत. पहिले विधान मान्य केले असते, तर निधीतील किती भाग भाषांतरांकडे वळवावा, असा प्रश्न निर्माण झाला असता. दुसऱ्या विधानामुळे तो प्रश्न निघालाच नाही.

५.२.६ परिणाम

गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी ७ मार्च १८३५ रोजी ठराव केला. जुनी विद्यालये बंद करण्यात आली नाहीत, पण नव्या विद्यावेतनांना आणि प्राच्य ग्रंथांच्या मुद्रणाला त्यात मनाई होती. शिक्षणाचा निधी केवळ इंग्रजी शिक्षणावर खर्च करणे इष्ट, असे त्यात म्हटले होते. हा ‘केवळ’ म्हणजे मिथ्या द्विधेचा निष्कर्ष होय. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने लोकभाषांतील शिक्षणाचे महत्त्व मान्य केले आणि उच्च शिक्षणासाठी इंग्रजी, सर्वसामान्यांसाठी लोकभाषा अशी विभागणी केली. म्हणजे ‘कोणासाठी आणि कोणत्या टप्प्यावर’ हा वगळलेला प्रश्न एकोणीस वर्षांनी धोरणात आला. तरीही वरच्या वर्गाला शिकवावे आणि ज्ञान हळूहळू खाली झिरपेल, ही कल्पना लवकर सुटली नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात तक्रार केली ती हीच, की शेतकरी आणि कष्टकरी भरत असलेल्या करांतून वरिष्ठ वर्गांचे उच्च शिक्षण चालते आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण दुर्लक्षित राहते. द्विधेतून जो पर्याय वगळला जातो, त्याच्याबरोबर पुष्कळदा काही माणसेही वगळली जातात.

५.२.७ रीतीची मर्यादा

तिसरा पर्याय नेहमीच असतो, असे समजणे हाही दोषच होय. एकच रुपया विद्यावेतनालाही देता येत नाही आणि पुस्तकालाही. तेवढ्यापुरती निवड खरी असते. तसेच तिसरा पर्याय म्हणजे दोन टोकांमधला मध्यबिंदू नव्हे. निम्मा निधी इंग्रजीला आणि निम्मा संस्कृतला देणे ही तडजोड झाली असती. लोकभाषांचा प्रश्न तिने सुटला नसता. लेखकाची चौकट तशीच ठेवून केलेली वाटणी आणि चौकटीबाहेरचा पर्याय यांतील हा फरक उत्तरपत्रिकेत स्पष्टपणे दाखवावा.

५.३ सारांश

मिथ्या द्विधेत विरोधी विधानांची जोडी व्याघाती म्हणून वापरली जाते. युक्तिवादाचा आकार शुद्ध असतो. दोष पर्यायांच्या यादीत असतो. प्रश्नार्थक ‘की’, ‘च’ व ‘केवळ’ यांसारखे शब्द, आणि एका वाक्यात सर्वमताने निकालात काढलेला पर्याय या तिच्या खुणा आहेत. पर्यायातील बांधलेले निर्णय सुटे केले, की वगळलेले मार्ग दिसतात. त्यांना उपलब्धता, उद्देश आणि साधने या तीन कसोट्या लावाव्यात.

५.४ पारिभाषिक शब्द

मिथ्या द्विधा : अधिक पर्याय उपलब्ध असताना दोनच आहेत, असे गृहीत धरणारा तर्कदोष.
व्याघाती विधाने : ज्यांपैकी एक खरे व दुसरे खोटे असणे अटळ आहे, अशी विधाने.
विरोधी विधाने : जी एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, पण खोटी असू शकतात, अशी विधाने.

५.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) व्याघाती. मात्र लहान बंधारा हा पर्याय ‘बांधू नये’ या बाजूत सामावतो, हे लक्षात घ्यावे; ‘नाही’ म्हणणाऱ्या बाजूत अनेक मार्ग दडलेले असतात. आ) केवळ विरोधी. पाणी पिण्यासाठी, कमी पाण्याच्या पिकांसाठी किंवा वाटून देता येते.
प्रश्न २ : वादातील पक्षांची संख्या म्हणजे प्रश्नाच्या संभाव्य उत्तरांची संख्या नव्हे.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

पुढील उतारा सरावासाठी रचलेला आहे. तो वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा.

‘डोंगरी तालुक्यांतील कित्येक शाळांत पाच-सहा मुले आणि दोन शिक्षक आहेत. हा खर्च परवडणारा नाही, हे सर्वांनाच मान्य आहे. तेव्हा सरकारने ठरवावे : या शाळा बंद करून मुलांना मोठ्या गावच्या शाळेत घालावयाचे, की करदात्यांचा पैसा असाच वाया घालवावयाचा?’

१. उताऱ्यातील द्विधेच्या भाषिक खुणा नोंदवा.
२. ‘शाळा बंद करणे’ या पर्यायात इमारत, शिक्षक, मुलांचा प्रवास आणि इयत्ता यांविषयीचे कोणते निर्णय एकत्र बांधले आहेत? ते सुटे करून किमान दोन वगळलेले पर्याय लिहा.
३. त्यांपैकी एका पर्यायाला तीन कसोट्या लावा. पावसाळ्यात ओढ्याला पूर आल्यावर पहिलीतील मूल शाळेत कसे पोहोचेल, याचा विचार कोणत्या कसोटीत करावा लागेल, ते सकारण सांगा.